३० अधिक ५८ म्हणजे ८८ नव्हे : वेतन आयोगापुढे जाणाऱ्या निवेदनाबद्दल खुले पत्र

प्रति,
आठव्या वेतन आयोगासाठी निवेदन तयार करणाऱ्या कर्मचारी संघटनांचे सर्व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात पगारबिले करण्यात गेली. दोन वेतन आयोगांच्या वेतननिश्चितीचे तक्ते मी हाताने भरले आणि थकबाकीची पत्रके रात्री उशिरापर्यंत बसून तपासली. म्हणून आपल्या निवेदनाचा मसुदा कुणीतरी मला पाठवला, तेव्हा मी आधी आकड्यांचे पान उघडले. त्यातल्या एका वाक्यापाशी अडलो आणि हे पत्र लिहायला घेतले.

वाक्य असे आहे : ‘२०१६ पासून कर्मचाऱ्याला दरवर्षी ३ टक्क्यांप्रमाणे दहा वेतनवाढी, म्हणजे ३० टक्के, आणि महागाई भत्ता ५८ टक्के, अशी एकूण ८८ टक्के वाढ मिळाली. त्यातून ५८ टक्के महागाई वजा केल्यास खरी वाढ केवळ ३० टक्के उरते.’

जुलै २०२५ साठी यातला ३, १० आणि ५८ हा प्रत्येक आकडा बरोबर आहे. चूक त्यांची बेरीज-वजाबाकी करण्यात आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाची कार्यकक्षा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केली. त्या आयोगापुढे आपले म्हणणे जाणार आहे. वित्त विभागाची माणसे हे वाक्य पाच मिनिटांत खोडून काढतील आणि मग त्याच पानावरच्या खऱ्या तक्रारीवरही त्यांचा विश्वास बसणार नाही, ही माझी भीती आहे.

आपण एकच कर्मचारी घेऊ. वेतन मॅट्रिक्सचा स्तर ६, मूळ वेतन ३५,४०० रुपये, तारीख १ जानेवारी २०१६. त्या दिवशी महागाई भत्ता शून्य. दर १ जुलैला एक वेतनवाढ, मधे पदोन्नती नाही. घरभाडे आणि वाहतूक भत्ता मी बाजूला ठेवतो, कारण ते शहरागणिक बदलतात.

मॅट्रिक्समधला त्याचा रकाना वरून खाली वाचत या. ३५,४०० नंतर ३६,५०० येतात, मग ३७,६००, ३८,७००, ३९,९००, ४१,१००, ४२,३००, ४३,६००, ४४,९०० आणि ४६,२००. जुलै २०२५ मध्ये दहावी वेतनवाढ मिळून मूळ वेतन ४७,६०० होते. पहिली पायरी १,१०० रुपयांची होती आणि शेवटची १,४०० रुपयांची, तरी दर दोन्हीकडे ३ टक्केच. पहिल्या वर्षी ते तीन टक्के ३५,४०० वर काढले आणि दहाव्या वर्षी ४६,२०० वर. आधीच्या नऊ वाढी मुदलात मिसळून गेल्या होत्या आणि दहावी वाढ त्यांच्यावरही मिळाली. सावकाराच्या वहीतले चक्रवाढ व्याज हेच. फरक इतकाच की इथे ते आपल्या बाजूने चालते.

आता ‘दहा गुणिले तीन, तीस टक्के’ असे म्हणताना आपण नकळत काय गृहीत धरतो ते पाहा. प्रत्येक वाढ ३५,४०० वरच मिळाली, म्हणजे दरवर्षी १,०६२ रुपये, असे आपण धरतो. तसे असते तर दहा वर्षांनी मूळ वेतन ४६,०२० झाले असते. प्रत्यक्षात ते ४७,६०० आहे. वाढ ३० टक्के नसून ३४.५ टक्के आहे. मॅट्रिक्समध्ये आकडे शंभराच्या पटीत बसवलेले असतात, त्यामुळे कागदावरच्या हिशेबापेक्षा थोडा इकडेतिकडे फरक पडतो, पण १ ला १.०३ ने दहा वेळा गुणले तरी १.३४४ येते. म्हणजे जवळजवळ तेच.

साडेचार टक्क्यांचा हा फरक मोठा नाही असे कुणी म्हणेल. पुढची बेरीज मात्र महागात पडते. जुलै २०२५ चा महागाई भत्ता ५८ टक्के, तो कशावर? तेव्हाच्या ४७,६०० वर. आपल्या मसुद्यातली बेरीज तो २०१६ च्या ३५,४०० वर मोजते. जुन्या पगारावर ५८ टक्के म्हणजे २०,५३२ रुपये, नव्या पगारावर २७,६०८ रुपये. जुलै २०२५ चे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ७५,२०८ रुपये होतात. ३५,४०० ची वाढ ८८ टक्के असती तर आकडा ६६,५५२ आला असता. तब्बल ८,६५६ रुपये आपल्या बेरजेतून गळाले. त्यातले १,५८० वेतनवाढीच्या चक्रवाढीचे आणि उरलेले ७,०७६ वाढलेल्या मूळ वेतनावरच्या महागाई भत्त्याचे. प्रत्यक्ष वाढ ११२ टक्क्यांच्या थोडी वर आहे. पगार दुपटीहून अधिक झाला आहे आणि आपले निवेदन म्हणते तो दुप्पटही झाला नाही. कुठलाही लेखाधिकारी एक पगारपत्रक समोर ठेवून हे खोटे ठरवील.

मग टक्के कधीच बेरजेत घ्यायचे नाहीत का? घ्यायचे, पण आधी एक प्रश्न विचारून : हे टक्के कशाचे? दोन्ही टक्के एकाच रकमेवर असतील तर बेरीज चालते. दुसरा टक्का पहिल्याने फुगवलेल्या रकमेवर असेल तर गुणाकार करावा लागतो. महागाई भत्त्याच्या हप्त्यांची आपसात बेरीज होते ती याचमुळे. जुलै २०१६ चे २, जानेवारी २०१७ चे आणखी २, मग १, मग २, असे करत जुलै २०२५ मध्ये आपण ५८ वर आलो. हा प्रत्येक हप्ता मूळ वेतनावर मोजला जातो, आधीच्या भत्त्यावर भत्ता मिळत नाही. त्यामागचे सूत्रही तसेच आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी घ्यायची आणि ती २६१.४२ या ठरलेल्या पायापेक्षा किती टक्के वर आहे ते पाहायचे. पाया तोच राहतो, म्हणून बेरीज बरोबर.

पण इथेच दुसरी फसगत होते आणि ती उलट्या दिशेची असते. महागाई भत्त्यात ३ टक्के वाढ झाली की वर्तमानपत्रात ‘पगारात ३ टक्के वाढ’ असे छापून येते आणि आपणही सूचनाफलकावर तेच लावतो. जुलै २०१६ मध्ये भत्ता शून्यावरून २ झाला, तेव्हा १०० रुपये घेणाऱ्याला १०२ मिळू लागले. वाढ खरोखर २ टक्के होती. जुलै २०२५ मध्ये भत्ता ५५ वरून ५८ झाला. म्हणजे १०० रुपये मूळ वेतनावर आधी १५५ मिळत होते, ते १५८ झाले. तीन रुपये १५५ वर मिळाले. हिशेब केला तर १.९४ टक्के येतात. २०२५ मधले ३ टक्के २०१६ मधल्या २ टक्क्यांपेक्षाही थोडे कमीच भरले! भत्ता जितका वर जातो तितका त्याचा पुढचा प्रत्येक टक्का हातात येणाऱ्या पगाराच्या मानाने लहान होत जातो.

आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने २०२४ मध्ये याच गफलतीत घराच्या कर्जाचा हप्ता ठरवला होता. तो याच स्तरावर होता. जुलै २०२३ ते जुलै २०२४ या वर्षात एक वेतनवाढ ३ टक्क्यांची, भत्त्याचा एक हप्ता ४ टक्क्यांचा आणि एक ३ टक्क्यांचा. त्याने मला सांगितले, ‘काका, यंदा दहा टक्के वाढ आहे, साडेसहा हजार जास्त येतील.’ आम्ही पगारपत्रक काढले. जुलै २०२३ मध्ये ४४,९०० मूळ वेतन आणि ४६ टक्के भत्ता, एकूण ६५,५५४. जुलै २०२४ साठी ४६,२०० आणि ५३ टक्के, एकूण ७०,६८६. वाढ ५,१३२ रुपये, म्हणजे ७.८ टक्के. दहा टक्क्यांच्या हिशेबात महिन्याला सुमारे चौदाशे रुपये कमी पडले, आणि कपाती अजून बाकीच होत्या. तो बराच वेळ गप्प बसला होता. पुढे त्याने कर्जाची मुदत वाढवून घेतली.

हे लक्षात घ्या की एका वर्षाची बेरीज वाढ फुगवून दाखवते आणि दहा वर्षांची बेरीज तीच वाढ दाबून दाखवते. म्हणून ‘बेरीज थोडी इकडेतिकडे असली तरी अंदाज येतो’ हे म्हणणे टिकत नाही. चूक कुठल्या बाजूला पडेल हेच आधी सांगता येत नाही. खासगी नोकरीतही हेच घडते. २०२० मध्ये कुणाच्या ५० हजारांत २० टक्के कपात झाली आणि पुढच्या वर्षी २० टक्के वाढ मिळाली, तर बेरीज शून्य येते. हातात मात्र ४८ हजार येतात, कारण कपात ५० हजारांवर होती आणि वाढ ४० हजारांवर.

आता वजाबाकीकडे येतो, कारण आपल्या मागणीचा गाभा तिथे आहे. मसुदा ८८ मधून ५८ वजा करून ३० काढतो. कुणी दुरुस्ती करायला जाऊन ११२ मधून ५८ वजा करील आणि खरी वाढ ५४ टक्के झाली असे म्हणेल. तेही चूक. महागाई काढून टाकायची तर भागाकार करावा लागतो. पगार २.१२ पट झाला, किमती १.५८ पट झाल्या. भागल्यावर १.३४ येतात. खरी वाढ ३४ टक्के.

हा ३४ ओळखीचा वाटतो ना? वर मूळ वेतनाची जी वाढ काढली तीच ही आहे. महागाई भत्त्याने किमतींची भरपाई केली आणि उरल्या त्या फक्त वार्षिक वेतनवाढी. वेतनवाढ ही अनुभवाची, सेवेच्या वर्षांची असते. ती वजा केली तर पदाच्या पगारात खरी वाढ किती झाली? शून्य. जुलै २०२५ मध्ये त्याच पदावर नव्याने लागलेल्या मुलीला ३५,४०० मूळ वेतन आणि ५८ टक्के भत्ता मिळून ५५,९३२ रुपये मिळतात. निर्देशांकाच्या हिशेबात त्याची किंमत २०१६ च्या ३५,४०० इतकीच आहे. साडेनऊ वर्षांत या खुर्चीची किंमत एका रुपयानेही वाढली नाही. माझ्या मते आपल्याला आयोगापुढे हेच म्हणायचे आहे, आणि हे बरोबर गणितातून निघते. चुकीच्या ८८ टक्क्यांनी ते झाकून टाकले आहे. दुप्पट झालेला पगार दाखवायला घाबरू नका. तो दाखवून, त्यातला किती भाग किमतींचा आणि किती सेवावर्षांचा हे उलगडून सांगा.

मसुद्यात ‘वार्षिक सरासरी वाढ’ असाही एक रकाना आहे. ११२ ला साडेनऊ वर्षांनी भागले की ११.८ येतात, पण दरवर्षी ११.८ टक्के वाढ कुणालाच मिळाली नाही. साडेनऊ वर्षांत २.१२ पट होण्यासाठी दरवर्षी सव्वाआठ टक्के लागतात, बाकीचे चक्रवाढीने भरून निघते. संगणकावर हे एका ओळीत निघते :

```
=(75208/35400)^(1/9.5)-1
```

उत्तर ०.०८२५ च्या आसपास येईल. रकान्यात हा आकडा घाला.

या सगळ्या हिशेबाची एक मर्यादाही सांगतो, कारण ती आपल्याच बाजूची आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा पगार घेऊन काढलेली वाढ मधला खड्डा दाखवत नाही. जानेवारी २०२० ते जून २०२१ असे अठरा महिने महागाई भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला होता. जुलै २०२१ मध्ये रोखलेले ४, ३ आणि ४ टक्क्यांचे तीन हप्ते एकदम देऊन तो २८ केला. त्यामुळे जुलै २०२५ च्या ५८ मध्ये त्या गोठवणुकीची खूणही दिसत नाही. पण मधल्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत. आपल्या स्तर ६ च्या कर्मचाऱ्याचे पाहू. पहिले सहा महिने ३९,९०० वर ४ टक्के, म्हणजे ९,५७६ रुपये. पुढचे सहा महिने ४१,१०० वर ७ टक्के, म्हणजे १७,२६२ रुपये. शेवटचे सहा महिने ४१,१०० वर ११ टक्के, म्हणजे २७,१२६ रुपये. एकूण ५३,९६४ रुपये. ही रक्कम कुठल्याही टक्केवारीत सापडणार नाही, ती रुपयांतच मांडावी लागेल. इथे ४, ७ आणि ११ अशी बेरीज मी मुद्दाम केली, कारण तिन्ही हप्ते मूळ वेतनावरचे आहेत.

शेवटचा मुद्दा फिटमेंट फॅक्टरचा. सभांमध्ये मी वारंवार ऐकतो, ‘गेल्या वेळी २.५७ मिळाला, आता त्यापेक्षा कमी घेणार नाही.’ भावना मला पटते, तुलना पटत नाही. सातव्या आयोगाच्या वेळी ७,००० चे १८,००० झाले, तेव्हा घरी सांगताना सगळ्यांनी अडीच पट पगार झाल्याचे सांगितले. पण त्या दिवशी ७,००० वर १२५ टक्के महागाई भत्ता होताच, म्हणजे १५,७५० आधीच मिळत होते. १५,७५० चे १८,००० झाले, ही वाढ सव्वाचौदा टक्क्यांची. २.५७ मधला २.२५ हा भाग जुन्या भत्त्याच्या विलीनीकरणाचा होता. १५७ मधून १२५ वजा करून ३२ टक्के वाढ सांगणारेही मला भेटले. तीही तीच वजाबाकीची चूक, कारण ते ३२ रुपये १०० वर नव्हे, २२५ वर मिळाले होते.

या वेळी भत्ता ५८ धरला, तर गेल्या वेळेइतकीच वाढ १.८१ च्या गुणकात मिळते. २ च्या गुणकात ती साडेसव्वीस टक्के होते. २.५७ मागणे म्हणजे जवळपास ६३ टक्के वाढ मागणे. लागू होण्याच्या दिवशी भत्ता वेगळा असेल तर १.५८ च्या जागी तो आकडा घालून पुन्हा भागा. ६३ टक्के मागू नका असे मी म्हणत नाही. मागा, पण ६३ मागतो आहोत हे माहीत असून मागा आणि त्यासाठी तितक्या ताकदीचे कारण द्या. ‘गेल्या वेळेइतकेच’ हे त्याचे कारण होऊ शकत नाही. आणि उद्या कुणी २ चा गुणक देऊन ‘पगार दुप्पट केला’ अशी जाहिरात केली, तर ५८ टक्के आधीच खिशात होते हे आपल्याला लगेच सांगता आले पाहिजे.

मसुद्यातल्या त्या वाक्याऐवजी हा परिच्छेद घालावा अशी विनंती आहे : ‘स्तर ६ वर १ जानेवारी २०१६ रोजी ३५,४०० रुपये घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता जुलै २०२५ मध्ये ७५,२०८ रुपये, म्हणजे २.१२ पट झाले. याच काळात महागाई भत्त्याचा पाया असलेल्या निर्देशांकानुसार किमती १.५८ पट झाल्या. उरलेली १.३४ पट वाढ दहा वार्षिक वेतनवाढींची आहे. त्याच पदाच्या आरंभीच्या वेतनाचे खरे मूल्य २०१६ इतकेच राहिले आहे. याशिवाय जानेवारी २०२० ते जून २०२१ मधील गोठवलेल्या भत्त्यापोटी या कर्मचाऱ्याचे ५३,९६४ रुपये येणे बाकी आहे.’

स्तर १ पासूनचे बाकीचे तक्ते मी याच पद्धतीने करून ठेवतो आहे. समितीची पुढची बैठक कळवावी, तक्ते घेऊन येईन. आपल्यापैकी दोघांनी ते स्वतःच्या पगारपत्रकांशी ताडून पाहावेत आणि मगच निवेदनावर सह्या व्हाव्यात.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
नागपूर